अर्जवाले नाना

प्रत्येक सोसायटीत एक निवृत्त हेडक्लार्क असतो, आणि नसला तर बाहेरून आणावा, इतका तो गरजेचा असतो. आमच्याकडे नाना आहेत. जिल्हा परिषदेत आयुष्य गेलं, त्यामुळे माणसाशी बोलतानाही ते आधी विषय सांगतात आणि मग संदर्भ. नानी म्हणतात, "लग्नाचा होकारही यांनी 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असाच कळवला असता, माझे वडील घाईत होते म्हणून वाचले."

परवा शेजारचे जोशीकाका प्लॅस्टर घातलेला हात घेऊन नानांकडे आले. स्कूटरसमोर कुत्रं आलं, काका पडले, मनगट मोडलं. अपघात विमा होता. क्लेम भरला, तर कंपनीनं तो अडकवला: फॉर्मवर 'स्कूटरवरून पडून' आणि डिस्चार्ज कार्डावर 'घरी पडून'. खरं कारण काकांबरोबर हॉस्पिटलात गेलेल्या भाच्याला ठाऊक होतं. इमर्जन्सीत डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" रस्त्यावरचा अपघात म्हटलं की पोलिसांना कळवतात, मग जबाब आणि चौकशी, या भीतीनं पोरगं म्हणालं, "घरी पाय घसरला." तेच कागदावर उतरलं.

काकांनी हॉस्पिटलला लिहिलेलं पत्र सोबत आणलं होतं. तीन पानं. त्यात महापालिका होती, कुत्र्यांचा सुळसुळाट होता, हेल्मेट घ्या म्हणून काकूंनी सकाळीच कसं बजावलं होतं तेही होतं. शेवटी 'तरी कृपया अपघाताचा रिपोर्ट द्यावा व घरी हा शब्द खोडावा ही विनंती.'

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. "जोशीबुवा, हे पत्र आहे की कीर्तन? आणि खोडा म्हणता? खाडाखोड झालेला केसपेपर कंपनी चिमट्यानंसुद्धा उचलणार नाही. शिवाय हॉस्पिटलही अडचणीत. जे लिहिलंय ते राहू द्या. बाकीचं मागा."

"बाकीचं म्हणजे?"

इथे नाना खुलले. डिस्चार्ज कार्ड हा शेवटी कुणीतरी काढलेला गोषवारा. खरी नोंद आतल्या केसपेपरात असते: इमर्जन्सीतला पहिला कागद, रोजच्या राउंडच्या नोंदी, नर्सचे कागद. "दुसऱ्या दिवशी हाडांचे डॉक्टर आले तेव्हा तुम्ही शुद्धीवर होतात ना? मग त्यांना काय सांगितलंत?"

"स्कूटरचंच. कुत्र्याचा रंगसुद्धा सांगितला."

"झालं तर!" नाना म्हणाले आणि त्यांनी कागद ओढला.

पत्र अर्ध्या पानात बसलं. रेकॉर्ड विभागाच्या नावानं. पहिल्या ओळीत रुग्णाचं नाव, अगदी हॉस्पिटलच्या कार्डावर आहे त्याच स्पेलिंगनं, कारण काकांच्या आधारवर एक 'एच' जास्त आहे. मग आयपीडी नंबर, दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख. मागणी एका वाक्यात: इमर्जन्सीच्या नोंदीसह संपूर्ण आंतररुग्ण केसपेपरच्या साक्षांकित प्रती, प्रत्येक पानावर शिक्का. कारण: विमा दावा. झेरॉक्सचा खर्च देण्याची तयारी. आणि तळाशी नानांचं हत्यार: रुग्णानं मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावेत, असं भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांत आहे. हे वाक्य ते धमकीसारखं लिहीत नाहीत. 'आपणांस ज्ञात आहेच' अशी मखमल त्याला लावतात. मला विचाराल तर मखमलीतला चिमटा जास्त लागतो.

"रिपोर्ट द्या म्हणालात तर एक्स-रेचा रिपोर्ट हातात ठेवतील," नानांनी बजावलं. "आणि दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर आवक शिक्का, तारीख, सही. शिक्क्याशिवाय माघारी आलात तर माझ्याकडे चहा मिळणार नाही."

भाच्याला पाठवायचं ठरलं तेव्हा नानांनी त्याच्यासाठी वेगळं अधिकारपत्र लिहिलं, काकांच्या डाव्या हाताच्या सहीनं. मग त्यांच्या लक्षात आलं की रेकॉर्डवरची सही उजव्या हाताची. त्यावर खाली एक ओळ वाढली: 'उजवा हात प्लॅस्टरमध्ये असल्याने अंगठा व डावी सही.' अशा ओळीच्या नाना स्वतःच प्रेमात पडतात. ती त्यांनी आम्हाला दोनदा वाचून दाखवली.

काउंटरवर अपेक्षेप्रमाणे "डिस्चार्ज कार्ड दिलंय ना?" झालं. भाच्यानं पत्रातली मागणी बोटानं दाखवली, शिक्का मिळाला आणि पुढे कागदही. हाडांच्या डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरातल्या नोंदीत स्कूटर स्वच्छ वाचता येत होती. कुत्रं मात्र नव्हतं. नानांनी ती प्रत, काकांचा खुलासा आणि 'पहिली माहिती मी घाबरून चुकीची दिली' असा भाच्याचा सहीनिशी जबाब जोडून कंपनीला पाठवला. फाइल पुन्हा उघडली.

तुमच्याकडे नाना नसतील तर एवढं करा: इमर्जन्सीत रुग्णाबरोबर कुणी गेलं असेल, त्यानं काय सांगितलं ते त्याच दिवशी विचारा. आणि कागद मागायचे तर लवकर मागा. त्याच नियमांत आंतररुग्णांचे कागद तीन वर्षं जपण्याचं बंधन आहे, त्यापुढे ते मिळतीलच असं नाही.