नाना आणि तीस सेकंद

गावातल्या कुठल्याही फ्लेक्सवरचा मजकूर नानांचाच असायचा. वाढदिवस असो वा श्रद्धांजली, खाली शुभेच्छुकांची तीस नावं येणारच. त्यामुळे भाच्याने मोबाईल दुरुस्तीचं दुकान काढलं आणि म्हणाला, "मामा, रीलसाठी स्क्रिप्ट हवी, तीस सेकंदांची," तेव्हा नाना गालात हसले. "तीसच? बाकीच्या वेळेत काय दाखवणार?"

पहिला खर्डा सुरू झाला तो "सुजाण ग्राहकबंधू-भगिनींनो"पासून. भाच्याने घड्याळ लावलं. नानांनी उद्घाटकांचं नाव घेईपर्यंत एकोणचाळीस सेकंद झाले आणि दुकान अजून आलंच नव्हतं.

"मामा, पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला नाही, तर बोट वर सरकतं."

"माणसाला एवढी घाई?"

"तुम्हीसुद्धा सरकवता."

हे नानांना पटलं. मग काटछाट सुरू झाली. आरामात बोललं, तर तीस सेकंदांत साठ-पासष्ट शब्द बसतात. नानांनी बोटांवर मोजत एकेक नाव उडवलं. शेवटचं नाव त्यांच्या साडूचं होतं. तिथे दोन मिनिटं शांतता पाळली गेली.

ऑफरवर मात्र नाना अडून बसले. भाच्याने लिहिलं होतं, "डिस्प्ले फ्री!" नानांनी चष्मा कपाळावर नेला. "डिस्प्ले फ्री की बसवायची मजुरी फ्री? उद्या दारात भांडणं होतील. आणि एकच माणूस सात दिवस सात वेळा आला तर?" शेवटी उरलं ते असं:

"काच फुटली? फोन टाकू नका! डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग जॅक, सगळं तुमच्या डोळ्यांसमोर बदलून देतो. पहिल्या आठवड्यात डिस्प्ले बसवायची मजुरी शून्य, पैसे फक्त डिस्प्लेचे. सोमवार ते रविवार. एका फोनला एकदाच. बसस्टँडसमोर, रसवंतीच्या शेजारी."

"एका फोनला एकदाच" हे नानांचं. ते वाक्य त्यांनी तीनदा मोठ्याने वाचलं.

बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात, म्हणून हाच मजकूर पडद्यावरही टाकायचा होता, तोही मधोमध. अगदी तळाशी ॲपची बटणं त्याच्यावर येतात. पहिल्या तीन सेकंदांसाठी फुटका फोन हवा होता. तो नानांच्याच खिशात होता, सेलोटेप लावलेला. शूटिंग झालं, नाना पहिले गिऱ्हाईक झाले आणि अर्ध्या तासात नवा डिस्प्ले चमकू लागला.

मग भाच्याने व्हिडिओ उघडला. नानांनी लग्नातल्या सवयीने सगळं आडवं शूट केलं होतं. रीलला उभं लागतं.

नानांनी नव्या डिस्प्लेकडे पाहिलं, मग फरशीकडे. "कलेसाठी," म्हणत त्यांनी हात उचलला.

भाच्याने मनगट धरलं. "मामा, एका फोनला एकदाच."