स्वागत असावे तर असे

स्नेहसंमेलनातील मुख्याध्यापकांच्या स्वागतपर भाषणाचे कौतुक करावे तेवढे थोडे. सहाचा कार्यक्रम, प्रमुख पाहुणे नगरसेवक साडेसातला आले. तोवर सरांनी माईक सोडला नाही. पाहुणे येताच दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि तेच स्वागत पुन्हा पहिल्यापासून. ‘पालकांच्या सहकार्याशिवाय हे शक्य नव्हते,’ हे तर अगदी खरे. कोळीनृत्याचे कपडे भाड्याने त्यांनीच आणले होते आणि नऊच्या आत परत करायचे होते. ‘विद्यार्थी हेच आमचे वैभव,’ असे सर म्हणाले, तेव्हा ते वैभव विंगेत मेकअपसह झोपले होते. पुढील वर्षी नाच वगळून फक्त स्वागतच ठेवावे, ही नम्र सूचना. आभारप्रदर्शनापर्यंत थांबलेल्या एकमेव श्रोत्याचाही सत्कार व्हावा. तो खुर्च्या न्यायला आलेला मंडपवाला होता.