सकाळ संपली की नाही?

इंग्रजीतली सकाळ दुपारी एकच्या सुमाराला संपते. हे माझं मत नाही. थॉमसन आणि मार्टिनेट या जोडीच्या ‘अ प्रॅक्टिकल इंग्लिश ग्रामर’ या पुस्तकाने तशी वेळच ठरवून दिली आहे. ऑक्सफर्डने १९६० साली पहिल्यांदा काढलेलं हे पुस्तक पुढे सांगतं, की ‘आफ्टरनून’ पाचच्या आसपास आटोपते. व्याकरणाच्या पुस्तकाने घड्याळात एवढं लक्ष घालावं, याची आधी गंमत वाटते. मग कळतं, की त्यांचाही नाइलाज आहे. सकाळ संपली की क्रियापद बदलायचं असेल, तर ती कधी संपते हे कुणीतरी सांगायला हवंच.

नियम शाळेतल्या फळ्यावर मावेल एवढा आहे. समजा टॉमचा सकाळी तीनदा फोन आला. हे तुम्ही सकाळी साडेअकराला सांगत असाल, तर ‘टॉम हॅज फोन्ड थ्री टाइम्स धिस मॉर्निंग’. सकाळ अजून शिल्लक आहे, चौथा फोनही येऊ शकतो. तीच गोष्ट चहाच्या वेळी सांगत असाल, तर ‘टॉम फोन्ड थ्री टाइम्स धिस मॉर्निंग’. फोन तेवढेच, सकाळही तीच, पण आता तिचं खातं बंद झालं. म्हणून ‘हॅज’ गेलं आणि सिंपल पास्ट आला.

आपल्याला याची सवय नाही. ‘आज सकाळी त्याचा तीनदा फोन आला’ हे वाक्य मराठी माणूस अकराला म्हणतो, चारला म्हणतो आणि रात्री अंथरुणावर पडल्यावरही म्हणतो. सकाळ सरली की नाही याचं आपल्या क्रियापदाला सोयरसुतक नसतं. ‘आला’ आणि ‘आलाय’ असा फरक आपणही करतो, नाही असं नाही. पण तो करताना भिंतीवरच्या घड्याळाकडे कोणी बघत नाही. आणि आपली सकाळ संपते तरी कधी? ज्या घरात साडेदहाला पानं वाढली जातात तिथे ती साडेदहाला संपते, आणि रविवारी पेपर वाचत लोळणाऱ्याची दीडपर्यंत चालते. एक वाजताचा इंग्रजी निवाडा इथे लावायचा म्हटलं, तर निम्मी घरं अपिलात जातील.

पण खरी मजा सकाळ चालू असतानाच सुरू होते. नियमाचा अर्धा भाग पाठ करून बसलेला माणूस इथेच अडखळतो.

पुण्यातल्या एखाद्या सोसायटीचा मजला घ्या. समोरासमोर दोन बिऱ्हाडं, एक मराठी आणि एक तमिळ, त्यामुळे पॅसेजमधला सगळा व्यवहार इंग्रजीत. दोन्ही घरांत भांड्यांना एकच बाई, शांताबाई. तिची वेळ नऊ ते दहा. साडेनऊला अय्यर काकू दार किलकिलं करून विचारतात, ‘हॅज शांताबाई कम?’ प्रश्नात काळजी आहे, पण आशाही आहे. शांताबाईची वेळ चालू आहे. ती जिन्यात असेल, खालच्या मजल्यावर असेल, येईल.

आता पावणेअकरा झाले. सिंक भरलंय, कालची कढई तशीच पडलीय. काकू पुन्हा दार उघडतात आणि विचारतात, ‘डिड शांताबाई कम धिस मॉर्निंग?’ घड्याळाप्रमाणे सकाळ सव्वादोन तास बाकी आहे. थॉमसन-मार्टिनेटच्या एक वाजायला अजून भरपूर अवकाश आहे. तरी काकूंचं ‘डिड’ शंभर टक्के बरोबर आहे, कारण संपलीय ती शांताबाईची सकाळ. तिची नऊ ते दहा ही वेळ टळली. आता प्रश्न एवढाच उरला, की त्या तासात ती येऊन गेली की तिने दांडी मारली.

याच पुस्तकात पोस्टमनचं असंच एक उदाहरण आहे. तो नऊ ते दहाच्या दरम्यान येणारा असेल तर त्या तासात ‘हॅज’ने विचारायचं आणि तो तास उलटला की ‘डिड’ने. पोस्टमनची अशी वाट बघणं आता राहिलं नाही. शांताबाईची मात्र रोज बघावी लागते, म्हणून मला तिचं उदाहरण जास्त पटतं.

पुढचं ऐका. त्याच पावणेअकराला मराठी घरातल्या वहिनी म्हणतात, ‘अहो काकू, तिचा फोन आला होता. मुलाला दवाखान्यात नेऊन अकरापर्यंत येते म्हणाली.’ झालं, प्रश्न पुन्हा ‘हॅज’वर आला. अकराला पाच मिनिटं कमी असताना काकू ‘हॅज शी कम?’ असंच विचारणार. वेळ वाढवून मिळाली तशी क्रियापदालाही मुदतवाढ मिळाली. घड्याळाचा काटा पुढे सरकत असताना काळ ‘डिड’वरून ‘हॅज’वर मागे आला, तो केवळ एका निरोपामुळे. म्हणून कोणत्या वेळेला काय म्हणायचं याचा तक्ता करणं फोल आहे. बोलणाऱ्याच्या मनात ती गोष्ट घडायला अजून वाव आहे की नाही, एवढंच बघायचं.

याच न्यायाने सकाळी आठला चहा पिता पिता आपण म्हणतो, ‘माय अलार्म डिडन्ट रिंग धिस मॉर्निंग’. सकाळ नुकती कुठे सुरू झालीय, पण गजराची सहाची वेळ गेली ती गेलीच. ‘हॅजन्ट रंग’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, की तुम्ही अजून तो वाजण्याची वाट बघताय. आणि घड्याळातली वेळच वाक्यात आणली, तर ‘हॅज’ला जागाच उरत नाही. शांताबाई साडेनऊला आली आणि तुम्ही नऊ चाळीसला सांगताय, तरी ‘शी केम ॲट नाइन थर्टी’. दहाच मिनिटं झाली, सकाळ चालू आहे, बाई आत भांडी घासतेय, यातलं काहीही तिथे कामाला येत नाही.

‘टुडे’ हा त्याहून घोळाचा शब्द. दिवस संपतो रात्री बाराला, म्हणजे तोपर्यंत बिनधास्त ‘हॅव’ वापरता यायला हवं. प्रत्यक्षात संध्याकाळी सातला ऑफिसातून घरी आलेल्याला कोणी ‘हॅव यू हॅड लंच टुडे?’ असं विचारलं, तर तो चमकून बघेल. जेवणाची वेळ चार तासांपूर्वी गेली, तेव्हा ‘डिड यू हॅव लंच टुडे?’ हेच नीट. पण त्याच माणसाला ‘हॅव यू टेकन युअर टॅबलेट टुडे?’ हा प्रश्न खुशाल विचारावा. गोळी झोपेपर्यंत कधीही घेता येते. दोन्ही वाक्यांत ‘टुडे’ एकच आहे, पण जेवणाचा दिवस तीनला संपला आणि गोळीचा चालूच आहे.

आठवड्याचंही तसंच. शुक्रवारी संध्याकाळी बॅग आवरताना विक्री विभागातला माणूस ‘वुई सोल्ड फॉर्टी मशीन्स धिस वीक’ म्हणतो, कारण त्याचा आठवडा त्याच क्षणी आटोपला. त्याच कंपनीच्या दुकानातला पोऱ्या शनिवार-रविवारही गल्ल्यावर असतो. तो म्हणेल, ‘वुई हॅव सोल्ड फॉर्टी’. आकडा एक, संध्याकाळ एक, आणि तरी दोघेही बरोबर. ऐकणाऱ्याला मात्र न विचारता कळतं, की कोणाला सुट्टी आहे आणि कोणाला नाही.

ही खोड एकट्या इंग्रजांची आहे असं समजू नका. १६६० साली पॅरिसमध्ये निघालेल्या पोर-रोयाल व्याकरणात आर्नो आणि लान्सलो यांनी फ्रेंच लोकांना बजावलं, की साधा भूतकाळ वापरायचा तर घटनेवर निदान एक दिवस उलटलेला हवा. काल लिहिलं असेल तर तो काळ चालेल. आज सकाळी लिहिलं असेल तर चालणार नाही, मग बोलताना रात्र का झालेली असेना. स्पेनमध्ये, विशेषतः माद्रिदच्या बाजूला, आजही साधारण हाच हिशेब चालतो. सकाळचा नाश्ता रात्री सांगतानाही तिथे पूर्ण वर्तमानकाळच येतो. समुद्रापलीकडच्या मेक्सिकोत तीच स्पॅनिश बोलणारे सरळ भूतकाळ वापरून मोकळे होतात. मला या सगळ्यांत माद्रिदवाले सुखी वाटतात. दिवस संपेपर्यंत काही संपत नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

अमेरिकनांनी तर इंग्रजीतच राहून पळवाट काढली. इंग्लंडमध्ये ‘हॅव यू ईटन येट?’ म्हणतील, तिथे न्यूयॉर्कचा माणूस ‘डिड यू ईट येट?’ म्हणून पुढचा घास घेतो. वाव उरलाय हे त्यालाही माहीत असतं, पण ते सांगायचं काम तो ‘येट’वर सोपवतो. पुण्यात शिकून न्यू जर्सीत स्थिरावलेल्या भाच्याचं इंग्रजी ऐकून मामाने कपाळाला आठ्या घालायचं कारण नाही. तो चुकत नसतो, तिथलं बोलत असतो.

आपली चूक वेगळ्याच ठिकाणी होते. ‘रेन अँड मार्टिन’ने कित्येक पिढ्यांना सांगितलं, की ‘येस्टरडे’च्या शेजारी ‘हॅज गॉन’ बसवू नका. त्यातल्या रेनसाहेबांनी १९२४ साली ‘बो जेस्ट’ नावाची फ्रेंच फौजेवरची साहसकथा लिहून नाव कमावलं, पण इथल्या शाळकरी पोरांना ते ठाऊक झाले ते या काळांच्या कवायतीमुळेच. तो धाक ‘येस्टरडे’पुरता बसला. ‘धिस मॉर्निंग’ मात्र निरागस दिसतं. ‘धिस’ म्हणजे हा, जवळचा, चालू, असं वाटून आपण संध्याकाळी सहाला ‘आय हॅव मेट हिम धिस मॉर्निंग’ ठोकून देतो. ‘धिस’मुळे सकाळ आजची आहे एवढंच कळतं. ती चालू आहे की नाही, हे तुमचं तुम्ही बघायचं असतं.

आणि गोंधळ झालाच तर एक सोय आहे. सकाळ चालू असताना सिंपल पास्ट वापरला तर सहसा काही बिघडत नाही, कारण मनात ठरावीक वेळ धरून ‘आय सॉ हिम धिस मॉर्निंग’ हे वाक्य दहालाही म्हणता येतं. उलटं मात्र चालत नाही. सकाळ गेल्यावर ‘हॅव’ वापरलं की ते खटकतंच. तेव्हा दुपारचं जेवण झालं असेल आणि विषय सकाळचा असेल, तर बेलाशक ‘डिड’ म्हणा.