आलेला मेसेज मोजत नाहीत

रहाटणीत शिवार चौकापासून नखाते वस्तीपर्यंत कुठल्याही सोसायटीत जा, शर्टाच्या खिशात दोन मोबाइल बाळगणारे एक तरी काका भेटतीलच. एक स्वतःचा, दुसरा चिरंजीवांचा. चिरंजीव चाकणच्या कारखान्यातून दोन वर्षांसाठी म्हणून स्टुटगार्टला गेले आणि जाताना आईवडील व सिमकार्ड मागे ठेवून गेले. आईवडील आपले आपण जगतात. सिमकार्डाला जगवावं लागतं.

फ्लॅटचा हप्ता असो, विम्याचा असो की प्राप्तिकराचं विवरणपत्र, प्रत्येक दारात तो सहा आकडी कोड राखणदारासारखा बसलेला. कोड येतो रहाटणीत, लागतो स्टुटगार्टात. चिरंजीव कामावरून संध्याकाळी सातला घरी येऊन बँकेचं पान उघडतात, तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. काका उठतात, चष्मा शोधतात, व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर एकेक आकडा खणखणीत वाचतात. आणि वाचायला घेतलं की अर्धवट सोडायचं नाही या जुन्या शिस्तीपायी मेसेजची शेवटची ओळही वाचतात : ‘हा कोड कोणालाही सांगू नका.’

इथवर सगळं ठीक. खरी गंमत नियमात आहे. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते, असा नियम २०१३ पासून आहे. वापर कशाला म्हणायचं, तेही लिहून ठेवलंय. कॉल, मग तो केलेला असो वा आलेला. इंटरनेट. एखादी मूल्यवर्धित सेवा. पोस्टपेडवाल्याने भाडं भरलं तर तेही. आणि एसएमएस, पण फक्त पाठवलेला.

आलेला नाही!

म्हणजे ज्या मेसेजसाठी हा नंबर पाळलाय, नेमका तोच हिशेबात नाही. बँकेने दिवसाला दहा कोड पाठवावेत, लाखांचे व्यवहार त्यावर पार पडावेत, तरी नियमाच्या लेखी नंबर निपचित पडलेला. उलट दुपारी दोनला ‘सर, पर्सनल लोन हवंय का?’ असं विचारणारा फोन काकांनी उचलला की नंबर ठणठणीत जिवंत! बँकेचा कोड हे जिवंतपणाचं लक्षण नाही, नको असलेल्या कर्जाचा फोन हे आहे. काकांना हे कळल्यापासून त्यांचं वागणंच बदललंय. पूर्वी असा फोन आला की ते खेकसायचे. आता ‘हो हो, बोला ना’ म्हणतात. व्याजदर विचारतात. प्रोसेसिंग फी किती, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, सगळं तब्येतीत विचारून घेतात. काकूंना वाटतं यांना खरंच कर्ज काढायचंय, त्या स्वयंपाकघरातून डोळे वटारतात. महिनाभर तसा फोन आला नाही तर काका अस्वस्थ होतात, मुलाचं काही बरंवाईट तर झालं नाही ना, अशा चेहऱ्याने. आम्ही त्यांना म्हटलं, अहो, तुमच्याच दुसऱ्या मोबाइलवरून फोन लावा आणि उचला, तोही वापरच. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला काका दोन्ही कानांना दोन मोबाइल लावून गॅलरीत उभे असतात आणि स्वतःला ‘कसा आहेस?’ विचारतात. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी सोसायटीच्या अध्यक्षांकडे काळजी व्यक्त केली आहे.

त्याच नियमात एक दयाळू कलमही आहे. ९० दिवस वापर नसला, पण खात्यात २० रुपये शिल्लक असले, तर नंबर तोडायचा नाही. ते २० रुपये कापून ३० दिवसांची मुदतवाढ द्यायची. वाचून डोळे पाणावतात. महिन्याला २० रुपयांत पोरगा भारतात जिवंत! काका आनंदाने रिचार्जवाल्याकडे गेले. तो म्हणाला, ‘काका, पॅक मारलं की शिल्लक वाढत नाही. शिल्लक हवी तर टॉकटाइम वेगळा मारा. आणि टॉकटाइम मारला तरी पॅक संपलं की आधी आउटगोइंग बंद, मग थोड्या दिवसांनी इनकमिंग.’ म्हणजे नंबर शाबूत, पण त्यावर काही येणार नाही. वीस रुपयांत श्वास चालू, कान बंद. कोड ऐकायचा तर पॅक हवंच, आणि पॅक म्हणजे दोनशेच्या आसपास, दर २८ दिवसांनी.

हे २८ दिवस एकदा कुणीतरी समजावून सांगा. पगार महिन्याने, घरभाडं महिन्याने, विजेचं बिल महिन्याने, पेपरवाला आणि दूधवालासुद्धा महिन्याने; फक्त मोबाइलवाल्याचा फेब्रुवारी बारमाही चालतो. २८ दिवसांनी भरायला लागलं की वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. तेरावा कुणाचा घालतात ते आम्हाला ठाऊक आहे, दर वर्षी जिवंत माणसाचा घालताना इथेच पाहिला. ओरड झाल्यावर २०२२ साली किमान एक पॅक ३० दिवसांचं आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेचं ठेवा असा हुकूम निघाला. म्हणजे महिना किती दिवसांचा असतो हे सांगायला हुकूम काढावा लागला! काढला, ठीक. पण दुकानात २८ दिवसांचं पॅक अजून आहेच, आणि काकांनी विचारल्यावर आधी पुढे येतं ते तेच.

मग नंबरच बदलून टाका की, असं कुणी शहाणा म्हणेल. काकाही म्हणाले. बँकेच्या अ‍ॅपवर नंबर बदलायची सोय आहे. ‘पुढे’ दाबलं की जुन्या नंबरवर कोड येतो. जुना बंद पडला असेल तर शाखेत या. काका शाखेत गेले. ‘खातेदाराला यावं लागेल.’ खातेदार स्टुटगार्टला आहे. ‘मग त्यांना सांगा, अ‍ॅपवरून करा.’ आधारला जोडलेला नंबर बदलायचा तर तेव्हा तिथेही माणूस बोटांसकट केंद्रावर हजर लागायचा. २०२३ साली दहा देशांतल्या आपल्या लोकांना तिथल्याच नंबरावर यूपीआय वापरायची मुभा मिळाली. जर्मनी त्यात नव्हता. दुबई होती. काकांचं मत आहे की चिरंजीवांनी नोकरी निवडताना दूरदृष्टी दाखवली नाही.

आणि व्हायचं तेच झालं. काका काकूंना घेऊन स्टुटगार्टला नातवाच्या बारशाला गेले, दुसरा मोबाइल कपाटात राहिला. पॅक संपलं, इनकमिंग गेलं, टॉकटाइम मारलेला नव्हता, ९० दिवस उलटले. बंद पडल्यावर १५ दिवसांत मागितला तर नंबर परत मिळतो, पण ते मागायला रहाटणीत कुणी नव्हतं. पुढे किमान ९० दिवस तो नंबर कुणालाच देत नाहीत. नंतर तो चाकणच्या एका टेम्पोवाल्याला मिळाला. त्याला आता चिरंजीवांच्या हप्त्याचे मेसेज येतात, विम्याची आठवण येते, वाढदिवसाला ‘प्रिय ग्राहक’ म्हणून शुभेच्छा येतात. माणूस सज्जन. वैतागून त्याने बँकेला फोन लावला, ‘अहो, हे माझं खातं नाही, मेसेज थांबवा.’ पलीकडून गोड आवाज आला, ‘नक्कीच सर. पडताळणीसाठी तुमच्या नंबरवर कोड पाठवलाय, तेवढा सांगता का?’

त्याने सांगितला. पडताळणी झाली.