टेप कुणी लावली?

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या प्रेस शॉपमधला अपघाताचा अहवाल उघडा. पहिलं वाक्य ठरलेलं. ‘पत्रा डायमध्ये ठेवताना ऑपरेटरचा हात आत राहिला व दोन बोटे तुटली.’

झाला घटनाक्रम!

या प्रेसला बटणं दोन असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच प्रेस खाली यावी, म्हणजे डायमध्ये ठेवायला हातच उरत नाही. मग हात आत असताना प्रेस आली कशी? नेमकं इथेच अहवालाला घाई होते.

एका बटणाला टेप गुंडाळून ते कायमचं दाबून ठेवलेलं असतं. टेप काळी पडलेली, तिच्यावर ग्रीस आणि धुळीचा थर. आज सकाळी लावलेली टेप अशी दिसते का? म्हणजे घटनाक्रम बोटं तुटली तेव्हा नाही, टेप लागली त्या दिवशी सुरू झाला. पण चौकशी समिती पोचेपर्यंत टेप गायब आणि प्रेस पुसून लख्ख.

इतकी स्वच्छता एरवी कुठे दिसते?

मूळ कारण: कामगाराचा निष्काळजीपणा. टोयोटाच्या ताइइची ओनोंनी पाच वेळा ‘का’ विचारायला शिकवलं. आपल्याकडे पहिल्याच ‘का’ला कामगार सापडतो. उरलेले चार कशाला वाया घालवायचे?

तरी विचारून बघा. टेप का? एक हात मोकळा राहिला की तासाला जॉब जास्त निघतात. जास्त का काढायचे? टार्गेट तेवढं आहे. सुपरवायझरला टेप दिसली नाही? दिसली की. पण फळ्यावरचा आकडाही दिसत होता.

आणि टेप लावून प्रेस चाललीच कशी? दोन्ही बटणं नुसती एकामागे एक जोडली असली की हे जमतं. दोन हातांसाठीचा सेफ्टी रिले ते जमू देत नाही. त्याला दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबलेली लागतात, आणि दोन्ही सोडल्याशिवाय तो पुढचा स्ट्रोक देत नाही. टेप लावली की प्रेस ठप्प.

म्हणजे रिले बसवलाच नव्हता. पण निष्काळजीपणा खरेदी विभागाला कधी चिकटल्याचं ऐकलंय?

(जुन्या की-क्लचच्या प्रेसला तर एवढंही पुरत नाही. क्लच एकदा गुंतला की फेरी पुरी केल्याशिवाय ती थांबत नाही. तिथे डायभोवती बोट शिरणार नाही असा पक्का गार्डच हवा.)

आता उपाययोजना. प्रशिक्षण, पोस्टर आणि नवे हातमोजे. साठ टनांच्या प्रेसखाली हातमोजे! पुढच्या वेळी बोटं तुटतील ती हातमोज्यासकट.

जबाबदारी: सर्व संबंधित. मुदत: तातडीने. नाव नाही, तारीख नाही, म्हणजे विचारायचं कुणाला तेही नाही.

महिन्याभरात ‘कार्यवाही पूर्ण’ असा शेरा पडतो. पूर्ण झाली हे कळलं कसं? प्रशिक्षणाच्या हजेरीवर सह्या आहेत ना! शेजारच्या प्रेसचं एक बटण टेपनं दाबून ती चालते का, हे कुणी पाहिलं?

फॉर्मवर तसा रकानाच नाही.