ज्याच्या ताटात, त्याच्या खात्यात

आमच्या टोळक्यात 'बघू रे, नंतर करू हिशेब' हे वाक्य उच्चारायला बंदी आहे. सगळ्या भांडणांचं मूळ या एका वाक्यात असतं. ते म्हणणारा माणूस बहुधा तोच, ज्याच्याकडून पैसे यायचे असतात.

यंदा पुण्याहून मालवण-तारकर्लीला जायचं ठरलं. म्हणजे ग्रुपवर सुहासनं 'जायचं का?' विचारलं आणि चार अंगठे पडले. अंगठा हा मोठा फसवा अवयव आहे. कोणाचा अंगठा 'येतो' म्हणतो, कोणाचा 'वाचलं' आणि कोणाचा 'बायकोला विचारतो'. म्हणून आमच्यात आता ॲडव्हान्स पोचला की होकार धरतात. त्यावर दिलीप म्हणाला, "मित्रावर विश्वास नाही?" विश्वास आहेच, म्हणून तर फक्त पाचशे मागतो.

दुसरा नियम बजेटचा. चारचौघांत आकडा विचारला की कोणीच कमी सांगत नाही. सुहास 'एसी पाहिजेच' म्हणाला की बाकीचे पंख्याखाली वाढलेलेसुद्धा माना डोलावतात. म्हणून प्रत्येकानं आपली वरची मर्यादा सुहासला खाजगीत कळवायची आणि त्यातला सर्वांत लहान आकडा सगळ्यांचा धरायचा. आकडा कोणाचा, हे त्यानं पोटात ठेवायचं. ज्याला जास्त ऐष करायची असेल त्यानं ती स्वतःच्या पैशानं करावी. या हिशेबानं घरगुती राहण्याची सोय सापडली. अडीच हजारांच्या दोन खोल्या, दोन रात्री, मिळून 10,000. पैसे आगाऊ, रद्द केल्यास परत नाहीत. सुहासनं ते भरले.

निघायच्या आदल्या रात्री दिलीपचा फोन. ऑफिसात ऑडिट. "मी त्या गादीवर झोपणारच नाही, मग पैसे कसले?"

इथेच निम्म्या सहली फुटतात. पण आमचं आधीच ठरलं होतं. जो खर्च माणसं मोजून आधीच बांधला गेला, तो बुकिंगच्या दिवशी 'हो' म्हणालेल्या सगळ्यांत वाटायचा. दिलीप गळाला म्हणून खोली काही परत करता येत नव्हती. त्याचे 2,000 त्याच्याच नावावर. बदली माणूस आणला तर तो सुटला. त्याचे ॲडव्हान्सचे पाचशेही, सगळ्यांच्या ॲडव्हान्ससारखे, निघताना ज्याचे त्याला परत केले, म्हणजे हिशेबाची पाटी कोरी.

मिलिंदच्या गाडीचं पेट्रोल आणि टोल झाले 6,000, ते त्यानंच भरले. ते मात्र गाडीतल्या चौघांत वाटले. खरं तर पाचवा नाही म्हणून गाडी काही कमी पेट्रोल प्यायली नाही. पण मागच्या सीटवर पाय पसरून बसायचं सुख आम्ही भोगलं होतं. त्याचं भाडं म्हणून दिलीपला ही सूट.

जेवणाची बिलं मी दिली, एकूण 7,000. आता नंदू सोमवार धरतो, शनिवार धरतो आणि उरलेल्या दिवशी मासे दिसले की नाक धरतो. आम्ही तिघं सुरमईवर तुटून पडलेलो असताना तो डाळभात कालवत होता. सरसकट भागाकार केला असता तर त्याला न खाल्लेल्या माशांचे साडेसातशे पडले असते. म्हणून बिलातले मासे वेगळे काढले. ते 3,000 तिघांत आणि उरलेले 4,000 चौघांत. ज्याच्या ताटात, त्याच्या खात्यात. मात्र हे मोठ्या रकमांपुरतंच. 'मी अर्धाच चहा प्यायलो' म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी घरी ठेवतात.

परतल्यावर प्रत्येकाचा वाटा मांडला. मासेखाऊ तिघांचा प्रत्येकी 5,500, नंदूचा 4,500, दिलीपचा 2,000. बेरीज 23,000. खर्चही तेवढाच. हे दोन आकडे जुळले नाहीत तर कोणीतरी टोल तरी विसरलंय किंवा नारळपाणी तरी.

मग भरलेल्यातून वाटा वजा केला. सुहासला 4,500 यायचे, मला 1,500, मिलिंदला 500. नंदूनं काहीच भरलं नव्हतं, कारण बिल आलं की त्याच्या फोनची रेंज जाते. एकेका बिलाचे पैसे सगळ्यांनी सगळ्यांना पाठवत बसलो असतो तर बँकेला शंका आली असती. इथे तीन व्यवहारांत काम झालं. नंदूनं सुहासला 4,500 द्यायचे आणि दिलीपनं मला 1,500 आणि मिलिंदला 500.

मिलिंद दिलदारपणे म्हणाला, "राहू दे रे पाचशे." आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "नाही! घे!" कारण सोडून दिलेले पाचशे रुपये माणूस कधीच सोडत नाही. ते दिलीपच्या मुलाच्या लग्नात, आहेराचं पाकीट भरताना, बरोब्बर आठवतात.