फळ्यावरचे बाण

पाण्याच्या खोलीला d हे अक्षर देऊ नये. ज्या गणितात पुढे अवकलन करायचंच आहे, तिथे तर मुळीच देऊ नये. आपल्याकडे वापरात असलेल्या अभियांत्रिकीच्या कितीतरी पुस्तकांत ते तसंच दिलेलं आहे आणि तिथून ते फळ्यावर उतरतं. मग फळ्यावर dP/d(d) असं काहीतरी उभं राहतं. त्यातला एक d खोलीचा, बाकीचे कलनाचे. माझी भाची पेडण्याहून कॉलेजला जाते. बस चुकली की पहिला तास जातो आणि संध्याकाळी मोबाइलवर मैत्रिणीने काढलेला फळ्याचा फोटो येतो. तो फोटो माझ्याकडे येतो आणि खाली तिचा प्रश्न असतो, "मामा, यातला खोलीचा d कुठला?"

परवाचा फोटो कालव्याच्या छेदाचा होता. डाव्या कोपऱ्यात ट्यूबलाइटची पांढरी तिरीप, उजवीकडे पहिल्या बाकावरच्या कुणाचं तरी डोकं, आणि उरलेल्या जागेत सहा-सात बाण. वर MEC, खाली WP, TW, HMD, A const., SS 1:n, आणि चौकटीत θ = 60°. शिकवणाऱ्यांना वेळ कमी असतो, म्हणून शब्द तोडून लिहायला माझी हरकत नाही. हरकत बाणांना आहे. त्या फोटोत एक बाण "म्हणून" या अर्थाने होता, एक "हे तिथे घाला" या अर्थाने, एक आकृतीतली लांबी दाखवणारा आणि एक नुसता जागा संपली म्हणून वरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे वळलेला. चौघांचं टोक सारखंच.

असा फोटो वरून खाली वाचायला घेऊ नये. आधी आकृती कागदावर पुन्हा काढावी, प्रत्येक अक्षराचा अर्थ तिच्या शेजारी लिहावा, आणि मग विचारावं की यातलं काय दिलेलं आहे आणि काय बदलू द्यायचं आहे. इथे कालव्याचा छेद समलंब चौकोनी आहे. तळाची रुंदी b, खोली d, आणि काठ एक उभं चढताना n आडवा सरकतो. पाण्याचं क्षेत्रफळ A = (b + nd)d. पाणी तळाला आणि दोन्ही काठांना जितकं टेकतं तो ओला घेर P, म्हणजे फोटोतला WP.

P = b + 2d√(1 + n²)

घेर कमी का हवा, हे फळ्यावर एका बाणात संपवलं होतं. अठराव्या शतकातल्या शेझी या फ्रेंच अभियंत्याच्या सूत्रानुसार वेग V = C√(mi). यातला i हा तळाचा उतार आणि m म्हणजे A/P, तोच फोटोतला HMD. क्षेत्रफळ ठरलेलं असेल, C आणि i हेही तेच असतील, तर वाहणारं पाणी AV हे P लहान झाल्यावरच वाढतं. काठ आणि तळ पाण्याला अडवतात, म्हणून त्यांचा स्पर्श कमी करायचा. MEC, म्हणजे सर्वात किफायतशीर कालवा, याचा अर्थ इतकाच.

आता खरी अडचण. P च्या सूत्रात b आणि d दोन्ही आहेत. भाचीने b तसाच ठेवून d नुसार अवकलन केलं, तिला 2√(1 + n²) = 0 मिळालं आणि ती अडकली. असं कधीच होऊ शकत नाही, कारण डावीकडची संख्या दोनपेक्षा लहान होतच नाही. गाडी इथे थांबली की ओळखावं, b ला स्थिर धरलं गेलंय. तो स्थिर नाही. क्षेत्रफळ स्थिर आहे, म्हणून खोली वाढवली की तळ अरुंद करावाच लागतो. A const. पासून निघालेला बाण हेच सांगत होता, पण त्याचं टोक पहिल्या बाकावरच्या डोक्यामागे गेलं होतं. तिथे एक ओळ असायला हवी होती:

b = A/d − nd

ही P मध्ये घातली की P = A/d − nd + 2d√(1 + n²). आता अवकलन शून्य धरलं तर A/d² = 2√(1 + n²) − n. A च्या जागी (b + nd)d परत घातलं की उरतं b + 2nd = 2d√(1 + n²). डावीकडे पाण्याच्या पृष्ठभागाची रुंदी आहे, तीच TW. उजवीकडे दोन तिरक्या काठांची बेरीज. म्हणजे वरच्या रुंदीचा अर्धा भाग एका तिरक्या काठाइतका. दुसरं अवकलन 2A/d³ धन येतं, म्हणून हा घेर लहानात लहान. त्यातूनच m = d/2 निघतं.

मग θ = 60° कुठून आला? तो वरच्या अटीचा निष्कर्ष नाही, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. वरचं सगळं n दिलेला असताना खरं आहे. n सुद्धा मोकळा सोडला आणि त्याच्यासाठी वेगळं अवकलन केलं, तरच n = 1/√3 येतो आणि काठ ६० अंशांवर उभे राहतात. फळ्यावर दोन्ही उत्तरं एकाच बाणाने जोडलेली होती. मग मुलं दीडास एक उताराच्या गणितातही ६० अंश लिहितात. तिथे काठ आडव्याशी सुमारे ३४ अंशच करतो.

तेच गणित पूर्ण करू. n = 1.5, A = १० चौरस मीटर. √(1 + 2.25) म्हणजे १.८०३. मग A/d² = ३.६०६ − १.५ = २.१०६, d सुमारे २.१८ मीटर आणि b सुमारे १.३२ मीटर. तपासून पाहू: वरची रुंदी १.३२ + ६.५४ = ७.८६, आणि दोन काठ मिळून ७.८६. जुळलं. घेर ९.१८ मीटर.

आता फळ्यावर नसलेलं एक काम मी भाचीकडून करून घेतलं. त्याच क्षेत्रफळाला आणि त्याच उताराला खोली फक्त १.५ मीटर ठेवायची. तळ ४.४२ मीटर होतो, घेर ९.८३. घेर सात टक्क्यांनी वाढला, पण तो वर्गमुळात बसलेला असल्याने पाणी साडेतीन टक्क्यांहूनही कमी घटलं. खोली मात्र जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाली. डिचोली-पेडण्यातल्या माणसाला या आकड्याचं मोल कळतं. इथे खाली जांभा लागतो, आणि खोल खणायचं तर तोच फोडावा लागतो. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढलं की खोल कालव्याच्या अस्तराला खालून ढकलतं. वर फ्रीबोर्ड सोडायचा असतो, तोही खोदाईत धरावा लागतो, आणि समीकरणात त्याला जागाच नाही. म्हणून तिळारीचं पाणी आमच्या दोन्ही तालुक्यांत आणणाऱ्या कालव्यांसारखं काम आखताना कागदावरचं किफायतशीर माप हे पहिलं माप असतं, शेवटचं नव्हे. काठांचा उतार आधी मातीवरून ठरतो, मग खोली, मग उरलेला तळ.

शिकवणाऱ्यांनी फळा पुसण्याआधी एवढं करावं. खोलीला y म्हणावं. चौकटीतल्या ६० अंशांच्या आधी "n मोकळा असेल तर" असं पूर्ण लिहावं. आणि "A स्थिर, म्हणून b बदलतो" ही ओळ पहिल्या बाकावरच्या डोक्यांच्या वर, फळ्याच्या वरच्या भागात लिहावी.